आपल्या सोनोग्राफी रिपोर्टचे स्पष्टीकरण: मूतखडे आणि तुंबलेली लघवी

रुग्ण: पुरुष, वय ४६ वर्षे, टॅक्सीचालक, राहणार परळ, मुंबई
तपासणी: पोट व ओटीपोटाची सोनोग्राफी
तक्रार: उजव्या कुशीतून जांघेकडे उतरणारी तीव्र कळ, मळमळ, वारंवार लघवीला जावे लागणे

आपल्या रिपोर्टमध्ये दोन खड्यांचा उल्लेख आहे. डाव्या किडनीच्या खालच्या कप्प्यात ९ मिलिमीटरचा एक खडा आहे आणि दुसरा ६ मिलिमीटरचा खडा उजव्या मूत्रवाहिनीच्या अगदी शेवटच्या टोकाला आहे. आपण आणि आपल्या पत्नी, दोघांचीही पहिली नजर ९ या आकड्यावर गेली व "आधी मोठा खडा काढायला नको का?" असे आपण विचारलेत. प्रश्न स्वाभाविक आहे. मात्र सध्या उपचार लागणार आहेत ते लहान खड्यावर. असे का, हे रिपोर्टमधील ज्या ओळीत हायड्रोनेफ्रोसिस हा शब्द आला आहे तिच्यावरून कळते. मूतखड्याच्या कोणत्याही रिपोर्टमध्ये मिलिमीटरच्या आधी हीच ओळ वाचावी, असे माझे मत आहे.

किडनीत तयार झालेली लघवी आधी लहान लहान कप्प्यांत गोळा होते, तेथून मधल्या नरसाळ्यासारख्या भागात येते आणि पुढे मूत्रवाहिनीतून लघवीच्या पिशवीत उतरते. रिपोर्टमध्ये कप्प्यांना कॅलिक्स, मधल्या भागाला रीनल पेल्व्हिस आणि मूत्रवाहिनीला युरेटर म्हटले आहे. प्रौढ माणसाची मूत्रवाहिनी साधारण २५ ते ३० सेंटिमीटर लांब असते, पण आतून तिची रुंदी जेमतेम ३ ते ४ मिलिमीटर असते. चाळीतल्या मोरीचे तोंड बुजले की पाणी मागे चढते, तसेच येथे होते: खडा मूत्रवाहिनीत अडकतो, किडनी लघवी तयार करीतच राहते, आणि ती मागे साचून वरचे कप्पे फुगतात. या फुगवट्याला हायड्रोनेफ्रोसिस म्हणतात. मूत्रवाहिनीही फुगली असेल तर हायड्रोयुरेटर, आणि दोन्ही एकत्र असतील तर हायड्रोयुरेटरोनेफ्रोसिस असा लांबलचक शब्द लिहिला जातो. आपल्या रिपोर्टमध्ये उजव्या बाजूला तोच आहे.

दवाखान्यात बोलताना आम्ही याला "किडनीला सूज" म्हणतो आणि त्यामुळे रुग्णांचा हमखास गैरसमज होतो. ही सूज जंतुसंसर्गाची नाही, किडनी निकामी होत असल्याचीही नाही. लघवी पुढे सरकत नसल्याची ती खूण आहे. आपल्या लघवीच्या तपासणीत पू-पेशी वाढलेल्या नाहीत आणि आपल्याला ताप नाही, म्हणून अँटिबायोटिक दिलेले नाही.

फुगवट्याचे प्रमाण माइल्ड, मॉडरेट किंवा सिव्हिअर अशा शब्दांत लिहितात. काही ठिकाणी त्यासाठी ग्रेड १ ते ४ अशी भाषा वापरतात. माइल्डमध्ये मधला भाग आणि कप्पे थोडे रुंदावलेले असतात. मॉडरेटमध्ये कप्प्यांचा आकार बदलून ते गोलसर होतात. सिव्हिअरमध्ये लघवी गाळणारा मांसल भाग दबून पातळ होऊ लागतो. आपल्याकडे "माइल्ड टू मॉडरेट" लिहिले आहे आणि त्याच्याच पुढे पॅरेन्कायमल थिकनेस १५ मिलिमीटर अशी नोंद आहे. पॅरेन्कायमा म्हणजे हाच मांसल भाग. त्याची जाडी टिकून आहे, याचा अर्थ अडथळा फार जुना नसावा. "कॉर्टिकोमेड्युलरी डिफरन्शिएशन मेन्टेन्ड" या बोजड ओळीचा अर्थ एवढाच की किडनीचा बाहेरचा व आतला थर पडद्यावर वेगवेगळे ओळखू येतात. ही ओळ समाधानाची आहे. उजव्या किडनीची १०.८ सेंटिमीटर लांबीही प्रौढांच्या नेहमीच्या ९ ते १२ सेंटिमीटरच्या मर्यादेत आहे.

फुगवटा दिसला म्हणजे अडथळा असलाच पाहिजे, असे मात्र नाही. लघवीची पिशवी तुडुंब भरलेली असताना तपासणी केली तर किडनीचे कप्पे थोडे रुंद दिसू शकतात, गरोदरपणात विशेषतः उजवी बाजू फुगलेली आढळते, आणि काही जणांचा रीनल पेल्व्हिस जन्मतःच किडनीच्या बाहेर थोडा मोठा असतो. म्हणूनच आपल्याला लघवी करून यायला सांगून पुन्हा पाहण्यात आले. पिशवी रिकामी झाल्यावरही उजवा फुगवटा तसाच राहिला आणि त्याच वाहिनीच्या तोंडाशी खडा दिसला, त्यामुळे येथे शंकेला फारशी जागा नाही.

खड्याची जागा "राइट व्हीयूजे" अशी लिहिली आहे. व्हीयूजे म्हणजे मूत्रवाहिनी लघवीच्या पिशवीत उघडते तो सांधा, वाहिनीतील सर्वांत अरुंद ठिकाणांपैकी एक. तेथे बसलेला खडा पिशवीच्या भिंतीला टोचत राहतो, म्हणून आपल्याला दर अर्ध्या तासाने लघवीची भावना होते आणि प्रत्यक्षात थोडीशीच होते. प्रोस्टेट वाढले असावे ही आपली शंका रिपोर्टने दूर केली आहे, कारण प्रोस्टेट २२ सीसी आहे. "पोस्टिरिअर अकूस्टिक शॅडो" म्हणजे खड्यामागे पडलेली काळी सावली. ध्वनिलहरी कठीण वस्तूपलीकडे जात नाहीत, म्हणून ती दिसते आणि खडा ओळखण्यास मदत होते.

लघवी तुंबण्याची दुसरी एक जागा असते, ती म्हणजे खालची पिशवी. रिपोर्टच्या शेवटी प्री-व्हॉइड ३१० सीसी आणि पोस्ट-व्हॉइड रेसिड्यू २८ सीसी असे दोन आकडे आहेत. पहिला लघवी करण्यापूर्वीचा, दुसरा लघवी केल्यानंतर पिशवीत उरलेला. २८ सीसी हे प्रमाण नगण्य आहे. आपली पिशवी नीट रिकामी होते. तुंबारा फक्त वर, उजव्या बाजूला आहे. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण खाली साचणाऱ्या लघवीची कारणे आणि उपचार पूर्णपणे वेगळे असतात.

"राइट युरेटरिक जेट वीक बट सीन" ही एक बारीक ओळ बहुतेक जण वाचतच नाहीत. मूत्रवाहिनीतून पिशवीत लघवीची छोटी पिचकारी ठरावीक अंतराने येत असते आणि रंगीत डॉपलरवर ती दिसते. आपली उजवी पिचकारी क्षीण आहे, पण आहे. खड्याच्या कडेने काही लघवी पुढे जाते, म्हणजे अडथळा पूर्ण नाही. तत्काळ शस्त्रक्रियेऐवजी काही आठवडे वाट पाहण्याचा निर्णय मी याच नोंदीच्या आधारे घेतला आहे.

डाव्या बाजूचा ९ मिलिमीटरचा खडा कप्प्यात स्थिर आहे, वाट अडवत नाही, त्या बाजूला फुगवटा नाही. त्याच्यावर उपाय करायचाच आहे, पण उजवी बाजू मोकळी झाल्यावर, आणि कोणत्या पद्धतीने ते तेव्हा ठरवू.

५ मिलिमीटरपर्यंतचे बहुतेक खडे आपोआप पडतात. ५ ते १० मिलिमीटरच्या दरम्यान ही शक्यता सुमारे निम्म्यावर येते, मात्र खडा जितका खाली तितकी ती वाढते. सोनोग्राफीत लहान खड्याचे माप प्रत्यक्षापेक्षा थोडे जास्त येऊ शकते, हेही आपल्या बाजूचे आहे. मूत्रवाहिनीचे स्नायू सैल करणारी टॅमसुलोसिनची गोळी रात्री झोपताना घ्यावी. तिने काहींना उठताना चक्कर येते. आपण वाहन चालवता, तेव्हा पहिले दोन-तीन दिवस गोळी कशी मानवते ते पाहूनच गाडी बाहेर काढावी. वेदनाशामक गोळी कळ आली तरच घ्यावी आणि लिहून दिलेल्यापेक्षा जास्त घेऊ नये, कारण अशा गोळ्यांचा भार किडनीवरच पडतो.

लघवी चहाच्या जुन्या गाळणीतून गाळावी. मोहरीएवढा दाणा सापडला तरी फेकू नये, कोरड्या डबीत घालून आणावा. त्याच्या पृथक्करणावरून पुढचा आहार ठरवता येतो.

कळ थांबली म्हणजे खडा पडला, असे मानू नये. अडथळा कायम असतानाही दुखणे शमू शकते आणि किडनी मुकाट्याने फुगत राहते. किडनीचे काम दाखवणारे रक्तातील क्रिएटिनिन १.१ म्हणजे ठीक आले, म्हणूनही निश्चिंत राहू नये. एक किडनी अडलेली असताना दुसरी काम सांभाळून घेते आणि रक्ताचा रिपोर्ट चांगला दिसतो. म्हणून दुखो वा न दुखो, दोन आठवड्यांनी सोनोग्राफी पुन्हा करायचीच आहे. त्यात फुगवटा वाढला असेल, किंवा चार ते सहा आठवड्यांत खडा पडला नाही, तर आधी प्लेन सीटी स्कॅन आणि नंतर दुर्बिणीने खडा काढण्याची शस्त्रक्रिया करावी लागेल.

थंडी वाजून ताप आला तर मात्र एवढेही थांबता येणार नाही. अडलेल्या लघवीत जंतू वाढले तर संसर्ग काही तासांत रक्तात पसरू शकतो. अशा वेळी किडनीतील लघवी आधी मूत्रवाहिनीत स्टेंट ही बारीक नळी टाकून किंवा पाठीतून नळी घालून बाहेर काढतात, खडा नंतर. लघवी पूर्ण बंद होणे, उलट्यांमुळे पाणीही पोटात न ठरणे, किंवा गोळीने कळ न थांबणे, या वेळीही रात्र असली तरी निघावे. आपल्याला केईएम रुग्णालय जवळ आहे. हा रिपोर्ट सोबत न्यावा.

पाण्याबद्दल थोडे स्पष्ट लिहितो. रस्त्यात स्वच्छतागृह मिळत नाही म्हणून आपण दिवसभर पाणी टाळता, आणि मुंबईच्या दमट उकाड्यात घामावाटे पाणी जातच असते. अशा घट्ट लघवीत खडे जमतात. दिवसाला अडीच लिटर लघवी होईल इतके पाणी थोडे थोडे प्यावे. ऐन कळ चालू असताना मात्र तांब्यामागून तांब्या रिचवू नये, त्याने खडा ढकलला जात नाही, दुखणे वाढते. कुळथाचे कढण आवडत असेल तर जेवणात घ्यावे, परंतु त्याच्या भरवशावर पुढची सोनोग्राफी लांबवू नये. दूध-दही बंद करण्याचे कारण नाही. जेवणातील कॅल्शियम खडे बनवणाऱ्या ऑक्झलेटला आतड्यातच बांधून ठेवते. मीठ, पापड, लोणचे, फरसाण कमी करावे, पालक व अळू रोज खाऊ नये, लिंबूपाणी बिनसाखरेचे चालेल.

पुढच्या सोनोग्राफीला येताना तासभर आधी तीन-चार ग्लास पाणी पिऊन पिशवी भरलेली ठेवावी, म्हणजे व्हीयूजे नीट दिसेल. हा रिपोर्ट आणि फिल्म दोन्ही आणावे, कारण नवीन माप जुन्या मापाशेजारी ठेवूनच फुगवटा वाढला की उतरला हे सांगता येते.