विषय: रबाळे प्लँटच्या ऑडिटमधील निरीक्षणे आणि सुधारणा

नमस्कार साहेब,

मंगळवारी तुमच्या टीमने सगळी रेकॉर्ड मोकळेपणाने दाखवली, त्याबद्दल आभार.

लाइन 2 वरच्या मायक्रोमीटरची कॅलिब्रेशनची मुदत 31 मेला संपली होती, तरी तो वापरात होता. रिवर्कचे बुशिंग टॅगशिवाय चांगल्या मालाशेजारी होते. मला याचीच जास्त काळजी वाटते. माल एकदा मिसळला की वेगळा काढणं कठीण.

कोणाकडून राहिलं हे आम्हाला नको आहे, पद्धतीत फट कुठे आहे ते शोधूया. आधी त्या मायक्रोमीटरने तपासलेला शिल्लक माल पुन्हा मोजून घ्यावा. मूळ कारण, उपाय आणि फोटो पुढच्या शुक्रवारपर्यंत पाठवा. मदत लागली तर आमचा इंजिनिअर तिकडे येईल.

आपला,
गुणवत्ता विभाग, वागळे इस्टेट, ठाणे