कोल्हापूर, आई-बाबा आणि मुलांसोबत : ७ ते ११ जानेवारी (बुधवार ते रविवार)

आई, बाबा,
कार्यक्रम ठरला. आधी जेवणाच्या आणि झोपेच्या वेळा मांडल्या, मग उरलेल्या वेळात काय बसतं ते पाहिलं. त्यामुळे शनिवार सोडला तर दिवसाला एकच मोठं ठिकाण आहे आणि तेही दुपारी बाराच्या आत संपतं. मार्गशीर्षातले गुरुवार टाळायचे म्हणून जानेवारी घेतला. ओमच्या शाळेत कळवलं आहे.

रोजचा नेम असा: नाश्ता ८ वाजता, जेवण पाऊण वाजता, १:४५ ते ४ खोलीत आडवं व्हायचं, चहा-दूध ४:१५ला, रात्रीचं जेवण ७:३०ला. बाबा, तुमची साखरेची गोळी नाश्त्याआधीची आहे, तेव्हा ८चा नाश्ता कोणासाठीही पुढे ढकलायचा नाही. चिमी दुपारी झोपली नाही तर संध्याकाळी सगळ्यांचीच परीक्षा असते, म्हणून दुपारची विश्रांती मोडायची नाही. तुम्हाला झोप येत नसेल तर पेपर वाचा, पण खोलीतच.

मुक्काम चारही रात्री एकाच हॉटेलात, ताराबाई पार्कमध्ये. लिफ्ट आहे, खोल्या शेजारी-शेजारी आहेत आणि पाश्चात्त्य पद्धतीचा संडास आहे, हे फोनवर विचारून घेतलं. सामान एकदाच उघडायचं.

बुधवार, ७ तारीख : पुणे ते कोल्हापूर
घरून ८:३०ला, नाश्ता करूनच निघायचं. अंतर साधारण २३० किलोमीटर. पहिला थांबा खंबाटकी घाट ओलांडल्यावर, सव्वादहाच्या सुमारास: चहा, मुलांची शू, आईने गाडीतून उतरून दहा मिनिटं चालायचं, म्हणजे गुडघा आखडणार नाही. जेवण कराडला १२:३० ते १:१५, साधी थाळी. रस्त्याच्या कामात वेळ जाऊ शकतो, म्हणून बाबांच्या पिशवीत दशमी आणि शेंगदाणे ठेवणार आहे. कराडनंतर मुलं गाडीतच झोपतील. साडेतीनपर्यंत पोहोचू. त्या दिवशी काहीही बघायचं नाही. संध्याकाळी हॉटेलच्या आसपास फेरी, आठला मुलं झोपली पाहिजेत.

गुरुवार, ८ तारीख : अंबाबाई, राजवाडा, रंकाळा
अंबाबाईला मंगळवार, शुक्रवार आणि रविवारी गर्दी फार, म्हणून गुरुवार. तुम्ही दोघं आणि अमित ६:३०ला निघा. मी मुलांजवळ थांबते. रांग लांब दिसली तर आईने मुखदर्शन घ्यावं. तासभर उभं राहून गुडघा दुखवून घेण्यापेक्षा पाच मिनिटं शांतपणे देवीकडे पाहता येईल. नंतर देवळाच्या आवारात थोडं बसा. आठपर्यंत परत, कारण बाबांचा नाश्ता.

१०:१५ला आपण सगळे नव्या राजवाड्यातल्या शहाजी छत्रपती संग्रहालयात. हॉटेलपासून जवळ आहे. काळ्या दगडातली ही इमारत १८८४ साली पूर्ण झाली. आत शस्त्रं आहेत, दरबार आहे आणि पेंढा भरलेले वाघ आहेत. ओम वाघांपाशीच रेंगाळणार, त्याला ओढायचं नाही. दीड तासात बाहेर. चिमी कंटाळली तर मी तिला आवारातली हरणं दाखवत बसेन, तुम्ही निवांत बघा.

४:४५ला रंकाळा. काठाकाठाने चालायचं, पूर्ण फेरी नाही. बसायला जागा पुष्कळ. मुलांना भेळ तिखट न घालता. परतताना गंगावेशीतला दूध कट्टा गाडीतून उतरून दाखवायचा, डोळ्यांदेखत म्हैस पिळून देतात. पण ते धारोष्ण दूध कोणीही प्यायचं नाही, विशेषतः चिमी आणि बाबांनी. दूध तापवलेलंच घ्यायचं.

शुक्रवार, ९ तारीख : पन्हाळा
८:४०ला निघायचं. वीसेक किलोमीटर, पाऊण तास, आणि गाडी थेट गडावर जाते. सकाळी वारा बोचरा असतो, कानटोप्या वर ठेवा.

आधी तीन दरवाजा. जवळच अंधारबाव आहे, तिच्या पायऱ्या आईने उतरायच्या नाहीत. ओमला अमित नेईल. मग अंबारखाना: धान्य साठवण्याची प्रचंड कोठारं. इथे मुलांना मोकळं सोडायचं, आत आवाज घुमतो म्हणून ओरडू द्यायचं. शेवटी सज्जा कोठी. बाबा, ही जागा तुमच्यासाठी राखून ठेवली आहे. १६६०च्या मार्चपासून सिद्दी जौहरचा वेढा, जुलैतल्या पावसाळी रात्री महाराजांचं निसटणं, शिवा काशीद, घोडखिंडीत बाजीप्रभू. हे सगळं ओमने तुमच्या तोंडून ऐकावं असं मला फार वाटतं. गोष्ट अर्ध्यात थांबवायची नाही, लागेल तितका वेळ घ्या, वाटल्यास एखादी जागा सोडून देऊ.

जोतिबा या वेळी नाही. पायऱ्या आहेत आणि रविवारी तर पाय ठेवायला जागा नसते. आईने गडावरून त्या डोंगराकडे हात जोडावेत.

उतरताना वाटेत एखादं गुऱ्हाळ चालू दिसलं तर थांबायचं. चुलाणापासून मुलांना दोन हात लांब धरायचं, काकवी चमचाभरच. बाबांना नाही.

१२:४५ला जेवण: तांबडा-पांढरा. मुलांसाठी तिथे अळणी मागायचं, म्हणजे मटणाचा तिखट न घातलेला रस्सा. त्यात भाकरी कुस्करून दिली की चिमी खाते. आईसाठी शाकाहारी थाळी, तिथे मिळते. बाबा, तांबडा वाटीभरच, आणि रात्री फक्त मुगाची खिचडी. शुक्रवारी रात्री अंबाबाईची पालखी असते, पण ती आपल्या झोपेच्या वेळेत येते. सोडून देऊ.

शनिवार, १० तारीख : खिद्रापूर आणि नृसिंहवाडी
हा दिवस लांबचा आहे. शुक्रवारी कोणी दमलेलं दिसलं, तर खिद्रापूर सोडून फक्त वाडी.

८:३०ला निघून १०:१५पर्यंत खिद्रापूर. कोपेश्वराचं देऊळ शिलाहारकालीन, सपाट जागेवर, म्हणून आईला सोपं. स्वर्गमंडपाला वर गोल मोकळं आकाश आहे आणि खाली तेवढ्याच गोलाची शिळा, तिथे मुलांना पाठीवर निजवून वर बघायला सांगायचं. महादेवाचं देऊळ असून समोर नंदी नाही, तो का नाही हे ओमला आईने सांगावं. बाहेरच्या भिंतीवर हत्तींची रांग आहे, मुलांनी मोजत बसावं, तेवढ्यात आपला चहा होईल.

१२पर्यंत नृसिंहवाडी. गुरुवार आणि पौर्णिमा टाळल्यामुळे त्या मानाने गर्दी कमी मिळेल. पादुका घाटाखाली आहेत, पायऱ्या बऱ्याच. आईने आधार घेऊन, थांबत-थांबत उतरावं. गुडघ्याने नाही म्हटलं तर घाटावरूनच नमस्कार, वाईट वाटून घ्यायचं नाही. जेवण वाडीतल्याच एका घरी सांगून ठेवलं आहे, पावणेएकला पानं वाढतील. बासुंदी आहे, बाबांचा वाटा मी घेईन. परतीला सगळे गाडीत झोपतील, तीनपर्यंत हॉटेल. पाचला चपला घ्यायला बाजारात. आईसाठी कोल्हापुरी नको, तिच्या पायाला ती टोचेल. ओमला हवी आहे.

रविवार, ११ तारीख : परत
सकाळी बाबांना मिसळ खायची आहे, हे माहीत आहे. कट वेगळ्या वाटीत मागायचा, दोन चमचे वर घ्यायचे. ९:१५ला निघू. जेवण पुन्हा कराडला पाऊण वाजता, चहा साताऱ्याच्या पुढे, आणि संध्याकाळी पाचच्या आत घरी. घरच्या मावशींना वरण-भाताचा कुकर लावून ठेवायला सांगितलं आहे.

आई, तू तुझ्या गोळ्या पाच दिवसांच्या मोजून एका डबीत भर, आणि काठी घरी विसरू नकोस.