वृंदास, आभाराचे पत्र

पुणे, 12 जानेवारी 2025

प्रिय वृंदा,

सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानू लागले की तू लगेच विषय बदलतेस, म्हणून हे पत्र लिहिते आहे. हिंज या डेटिंग ॲपवरचे माझे प्रोफाइल तू ज्या चिकाटीने तपासलेस आणि नंतरच्या सुरुवातीच्या संभाषणांत ज्या संयमाने माझ्या सोबत राहिलीस, त्याबद्दल मी तुझी मनापासून ऋणी आहे.

मी पाठवलेला पहिला मजकूर वधू-वर सूचक मंडळाच्या अर्जासारखा होता: उंची, शिक्षण, बँकेतील हुद्दा आणि शेवटी ‘मनमिळाऊ, वाचन व प्रवासाची आवड’. तो वाचून तू हसली असशील, पण मला तसे जाणवू दिले नाहीस. त्याऐवजी शेवटचा प्रवास कुठला केलास आणि त्यातले काय लक्षात राहिले, एवढेच विचारलेस. परभणीहून एसटीने औंढा नागनाथला गेले होते आणि मंदिराच्या बाहेरच्या भिंतींवरील शिल्पे पाहण्यात परतीची गाडी चुकली, असे मी सांगितल्यावर ‘हेच लिही’ एवढेच तुझे उत्तर आले. ॲपवरच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे प्रत्येकी 150 अक्षरांत बसवायची असल्यामुळे मी काटछाट करून कंटाळले, तेव्हाही तू माझ्यासाठी एकही वाक्य लिहून दिले नाहीस. नको ते खोडलेस आणि प्रश्न विचारत राहिलीस. तुझी लेखणी माझ्यापेक्षा सरस आहे हे आपण दोघीही जाणतो, त्यामुळे हा संयम तुला किती जड गेला असेल याची मला कल्पना आहे. पण त्यामुळेच पुढे कोणी त्या उत्तरांबद्दल विचारले, तेव्हा मला उसने बोलावे लागले नाही.

छायाचित्रांच्या बाबतीत मात्र तू अजिबात दयामाया दाखवली नाहीस. धाकट्या बहिणीच्या लग्नातील फोटोत आम्ही सगळ्याच पैठणीत असल्याने त्यातली मी कोणती हे अनोळखी माणसाला कसे कळावे, हा तुझा प्रश्न बिनतोड होता. दुसऱ्या फोटोत गळ्यातील ओळखपत्रावर शाखेचे नाव वाचता येत होते आणि तिसऱ्यात सोसायटीची पाटी दिसत होती. ही गोष्ट माझ्या ध्यानातही आली नसती.

घटस्फोटाचा उल्लेख करू नये, असे आईचे मत होते आणि माझाही कल तिकडेच होता. तो एका ओळीत, कारणे न देता, सुरुवातीलाच सांगावा, असे तू ठामपणे म्हणालीस. त्यानंतर पसंती कमी आल्या हे खरे, पण ज्या आल्या त्यांना मला भीत भीत उत्तर द्यावे लागले नाही.

संभाषणांचे स्क्रीनशॉट पाठवताना समोरच्याचे नाव आणि चेहरा झाकण्यास तू सांगितलेस, कारण त्याने ते मला लिहिले होते, तुला नव्हे. तुझ्या सगळ्या सूचनांत मला ही सर्वांत मोलाची वाटते. मी एका ‘काय करता’ला चार परिच्छेदांचे उत्तर तयार केले होते, त्यातला पहिला परिच्छेद ठेवून पुढे एक प्रश्न विचारण्यास तू सुचवलेस. आणि ते ‘परदेशातील अभियंता’ गृहस्थ! दुसऱ्याच दिवशी व्हॉट्सॲपवर येण्याचा आग्रह, व्हिडिओ कॉलला टाळाटाळ आणि मग हळूच क्रिप्टोतील गुंतवणुकीची गोष्ट, हा क्रम पाहून तू रात्री अकरा वाजता फोन केलास. बँकेत ग्राहकांना अशा फसवणुकीबद्दल मीच सावध करते. तरीही गोड बोलणे स्वतःच्या वाट्याला आले की ते वेगळेच भासते. मी पैसे दिलेले नव्हते. तू मला ते खाते रिपोर्ट करून ब्लॉक करायला लावलेस आणि गरज पडल्यास असावा म्हणून सायबर हेल्पलाइनचा 1930 हा क्रमांकही लिहून ठेवायला सांगितलास.

आता थोडी बातमी. औंढ्याच्या मंदिराबद्दल ज्यांनी पहिल्याच संदेशात विचारले होते, त्यांना मी गेल्या शनिवारी दुपारी डेक्कनवरील एका कॅफेत भेटले. ते भूगोल शिकवतात, कमी बोलतात आणि वेळेवर येतात. पुन्हा भेटायचे ठरले आहे. त्यापलीकडे आत्ताच काही सांगण्यासारखे नाही. या भेटीनंतरचे संदेश मी तुला पाठवलेले नाहीत, हे तुझ्या लक्षात आले असेलच. त्यात राग नसावा. आता ते माझे मला वाचता येतात.

सोबत चितळ्यांची बाकरवडी आणि तुझ्या लेकीसाठी रंगपेटी पाठवली आहे. संक्रांतीनंतर मी कोल्हापूरला येईन, तेव्हा सविस्तर बोलू. काकूंना माझा नमस्कार सांग, पण यातले काहीही सांगू नकोस. त्यांना कळले की संध्याकाळपर्यंत ते माझ्या आईपर्यंत पोहोचेल.

तुझी,
अनघा