व्हे प्रोटीन, चॉकलेट, 1 किलो, सीलबंद डबा (नागपूर, धरमपेठ)

डबा सीलपॅक आहे, घ्यायच्या आधी सील स्वतः चेक करून घ्या. एक स्कूप म्हणजे 33 ग्रॅम, त्यात प्रोटीन 24 ग्रॅम, आणि डब्यात साधारण 30 स्कूप निघतात. 200 मिली थंड पाणी नाहीतर दूध, शेकरमध्ये हलवा, झालं. दिवसाला एकच स्कूप, लेबलवर लिहिलंय त्याच्या वर जाऊ नका भाऊ.

आत काय आहे: व्हे प्रोटीन कॉन्सन्ट्रेट, कोको पावडर, सोया लेसिथिन, चॉकलेट फ्लेवर, सुक्रालोज. दूध आणि सोया दोन्ही आहे, म्हणून अॅलर्जीवाल्यांनी घेऊच नका.

पॅकिंग मे 2026, एक्स्पायरी ऑक्टोबर 2027, बॅच नंबरसकट डब्याच्या बुडाला छापलंय, फोटो टाकलाय. उघडल्यावर कोरड्या जागी ठेवा, आपल्याकडच्या मे महिन्यात गाडीच्या डिक्कीत तर अजिबात नको, गोळे होतात.

हे औषध नाही, जेवणाच्या बदल्यातही नाही. महिन्यात बॉडी बनेल का असं विचारतात, तसं काही मी सांगणार नाही, ते तुमच्या जेवणावर अन् व्यायामावर आहे. किडनीचा त्रास, प्रेग्नन्सी किंवा गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. लहान मुलांसाठी नाही.

किंमत 2,150, बिल मिळेल. सील तुटलं की परत घेत नाही.