दिवाळी संच: मातीच्या 24 पणत्या आणि 100 दिव्यांची एलईडी माळ

पुण्यातील कसबा पेठेच्या कुंभारवाड्यात चाकावर घडवून भट्टीत भाजलेल्या, रंग न दिलेल्या 24 पणत्या, तेवढ्याच कापसाच्या वाती आणि उबदार पिवळ्या प्रकाशाची 10 मीटर लांबीची एक एलईडी माळ या संचात मिळेल. पणत्या हाताने केलेल्या असल्यामुळे त्यांच्या आकारात थोडा फरक राहतो. तो दोष समजू नये.

माळ घरातील 230 व्होल्टच्या साध्या सॉकेटवर चालते, बॅटरीवर नाही, आणि तिला सुमारे 6 वॅट वीज लागते. ती फक्त घरात वापरण्यासाठी आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पुण्यात कधी कधी अवेळी पाऊस येत असल्याने उघड्या गॅलरीत किंवा गच्चीवर ती लावू नये. वायर सोललेली दिसल्यास माळ वापरू नये आणि झोपण्यापूर्वी प्लग काढून ठेवावा.

कोरी माती तेल पिते, म्हणून पणत्या आदल्या दिवशी पाच-सहा तास पाण्यात भिजवून पूर्ण वाळवाव्यात. तेल काठापर्यंत भरू नये. तेल झिरपून जमीन निसरडी होते, त्यामुळे प्रत्येक पणतीखाली ताटली ठेवावी आणि पडदे, आकाशकंदील, फटाके व विजेची माळ यांपासून ती दूर, मुलांचा हात पोहोचणार नाही अशा सपाट जागी लावावी. घरात कोणी जागे नसताना पणती तेवत ठेवू नये.

किंमत 549 रुपये. वाहतुकीत फुटलेली पणती दोन दिवसांत छायाचित्र पाठवल्यास विनामूल्य बदलून मिळेल.