रजेनंतर रुजू: जूनपासून काय बदललं?

स्नेहल, 9:12
नमस्कार मंडळी. 26 आठवड्यांची रजा संपली, आजपासून रुजू. मी शेवटचं काम केलं ते मेचं थ्री-बी, 20 जूनला. त्यानंतरचे मेसेज दोन हजारांवर आहेत, ते चाळत बसले तर बिलिंग अडेल. म्हणून फक्त एवढं सांगा: 22 सप्टेंबरचे नवे जीएसटी दर टॅलीत कसे लावलेत, पोर्टलवरचं काम आता कोण बघतं, आणि अर्धवट काय राहिलंय. प्रत्येकाच्या दोन-चार ओळी पुरेत. तारीख मात्र हवीच. टेबलावर परत आलेल्या मालाच्या चार चिठ्ठ्या आहेत, त्यांतली एक 4 सप्टेंबरच्या बिलाची. म्हणून दरांचं आधी.

प्रकाशदादा, 9:31
ये स्नेहल, बाळ बरंय ना? बिस्किटं, शाम्पू, टूथपेस्ट 18 वरून 5 टक्के. तूप 12 वरून 5. पाकिटबंद पनीर 5 होतं, आता शून्य. आयटम मास्टरमध्ये नवा दर 22-09-2025 या लागू तारखेसह टाकलाय. जुना दर पुसायचा नाही, नाहीतर मागची बिलं उघडली की चुकीचा कर दिसतो.
4 सप्टेंबरच्या बिलाचा माल परत आला तर क्रेडिट नोट 18 टक्क्यांनीच. ऑक्टोबरमध्ये इथेच गडबड झाली: 10,000 च्या बिस्किटांना 5 लावला, 1,800 ऐवजी 500 च कमी झाले, दुकानदाराच्या खात्यात 1,300 चा फरक राहिला. नोटेत मूळ बिलाचा नंबर आणि तारीख टाकूनच सेव्ह कर.
पनीरच्या 21 सप्टेंबरच्या शिल्लक साठ्यावरचं क्रेडिट परत केलंय. बाकी मालाचं करावं लागलं नाही, कारण तो करपात्रच आहे.

वैभव, 9:44
ताई, पोर्टल माझ्याकडे आहे. नोव्हेंबरचं आर-वन आणि थ्री-बी दोन्ही भरलंय. आयएमएसवर सप्लायरची बिलं दर महिन्याच्या 14 तारखेआधी तपासतो, कारण आपण काहीच केलं नाही तर ती स्वीकारली असं धरलं जातं. दोन सप्लायरच्या क्रेडिट नोटा जुळत नाहीत, त्या लाल रंगात ठेवल्यात. पुढचं आर-वन 11 जानेवारीला.

स्नेहल, 9:50
छान, एवढ्यानं सुरू करता येईल. दादा, एका चिठ्ठीवर बिल नंबरच नाहीये, नुसतं ‘शाम्पू 2 बॉक्स’ लिहिलंय. काय करू?

प्रकाशदादा, 9:53
अंदाजानं दर लावू नकोस. दुकानदाराकडून बिलाचा फोटो मागव. त्याला सापडलं नाही तर टॅलीत त्याच्या नावावरची शाम्पूची बिलं काढ आणि बॅच नंबर जुळव. तोवर माल परतीच्या रॅकवर, नोट बंद. लाल नोटा दुपारी वैभवबरोबर बस आणि बघ, सप्लायरशी तुझी ओळख जास्त.