मोर की चौकडी? मागावर काय चढवायचं, तुम्ही सांगा

शुक्रवार, सकाळी ८

नमस्कार सोलापूरकर! थंडी पडली, गड्ड्याची यात्रा तोंडावर आली आणि नव्या पेठेतल्या आपल्या दुकानात एक गोष्ट अडून राहिलीय. नव्या चादरीची दोन डिझाइनं तयार आहेत, मागावर चढणार एकच. प्रत्येक नव्या डिझाइनला जॅकार्डचे पुठ्ठे नव्याने पाडावे लागतात. त्यात पैसा जातो आणि दिवसही जातात. यात्रेआधी माल हवा, तर कारखानदार काकांना सोमवारी सकाळी पक्कं सांगायला हवं. रविवार रात्रीपर्यंत रोज स्टोरी टाकतोय. मत द्या, घरच्यांनाही द्यायला लावा.

पुढची स्टोरी (दोन्ही चादरी शेजारी शेजारी)

किंमत, वजन, काहीच सांगत नाही. नुसतं बघा.

पोल: पहिल्या नजरेत कुठली भरली?
मोर, मरून रंगात
चौकडी, निळी आणि राखाडी

पुढची स्टोरी (मोराच्या मानेचा जवळून फोटो)

मानेची कड बघा. मरून सूत जिथं आत जातं, तिथंच पांढरं वर येतं. म्हणून चादर पालटली की तोच मोर पांढऱ्याचा मरून होऊन दिसतो. वर छापलेलं काही नाही, सगळं विणलेलं. धुऊन धुऊन चादर विरेल, पण मोर पुसला जाणार नाही.

पोल: घरी कुठली बाजू वर ठेवता?
सुलटी
उलटी
दर धुण्याला पालटतो
हाताला येईल ती

हे विचारण्यामागं कारण आहे. बरेच जण पालटून वापरत असतील, तर उलट्या बाजूचा रंगही तेवढाच जपून निवडायला हवा.

शुक्रवार, दुपारी १

क्विझ: आपल्या मागावरचं हे जॅकार्ड मूळ कुठल्या देशातलं?
इंग्लंड
फ्रान्स ✔
जपान
जर्मनी

उत्तराची स्टोरी

फ्रान्स! ल्यों शहरातल्या जोसेफ मारी जॅकार्डनं १८०४ च्या सुमारास हे यंत्र पुढं आणलं. पुठ्ठ्याला भोक असेल तिथं सुई आरपार जाते आणि ताण्याचा तो धागा उचलला जातो. भोक नसेल तिथं धागा खालीच राहतो. एकेका पुठ्ठ्यानं मोराची एकेक ओळ उतरते. आता बऱ्याच ठिकाणी हे काम संगणकावरून होतं, आपल्या काकांकडं अजून पुठ्ठ्यांची माळच फिरते. एक भोक चुकलं तर ती चूक प्रत्येक चादरीत उतरते, म्हणूनच घाईनं दोन डिझाइनं करायला आम्ही तयार नाही.

शनिवार, सकाळी ९

कालच्या मतांत मोर बराच पुढं आहे. मनापासून आभार! पण डोळ्याला आवडणं वेगळं आणि पाकिटात हात घालणं वेगळं, हे दुकानात आम्ही रोज बघतो. म्हणून आज सगळं उघड सांगून तोच प्रश्न परत विचारतोय.

दोन्हींचं माप ६० बाय ९० इंच, दोन्ही पूर्ण सुती.
मोर: वजन १ किलो ५०० ग्रॅम, ₹८४०
चौकडी: वजन १ किलो १०० ग्रॅम, ₹६९०

पोल: या आठवड्यात स्वतःच्या पैशानं घ्यायची, तर?
मोर, ₹८४०
चौकडी, ₹६९०
यातली एकही नाही

तिसऱ्यावर बोट ठेवायला अजिबात संकोच करू नका. ज्यांना दोन्ही नकोत त्यांचं मत आम्हाला सगळ्यात जास्त उपयोगी आहे. माल गोदामात पडून राहिला, तर पुढच्या वेळी काकांच्या मागाला काम कुठून देणार?

पुढची स्टोरी

पोल: घेतली तर कुणासाठी?
घरच्या वापराला
लग्नात आहेर
गावाहून आलेल्या पाहुण्यांना
हॉस्टेलवरच्या लेकराला

आहेराची चादर घडीवर शोभली पाहिजे. हॉस्टेलची चादर बादलीत मावली पाहिजे आणि खोलीतल्या दोरीवर वाळली पाहिजे. एकाच चादरीकडून दोन्ही अपेक्षा धरणं बरोबर नाही.

शनिवार, दुपारी ४

क्विझ: ‘जीएसएम’ म्हणजे काय मोजतात?
एका इंचातले धागे
एका चौरस मीटरचं वजन ✔
सुताची जाडी
रंगाचा पक्केपणा

उत्तराची स्टोरी

एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. आपली चादर साधारण साडेतीन चौरस मीटर भरते. त्या हिशेबानं मोर ४३० च्या आसपास, चौकडी ३१५ च्या आसपास. कुठल्याही दुकानात नुसतं ‘जाड आहे’ यावर जाऊ नका. माप विचारा, वजन काट्यावर ठेवायला लावा. आमच्याकडं काटा गल्ल्याशेजारीच आहे.

शनिवार, रात्री ८ (सरकवायचा स्टिकर)

हा फक्त घरात चादरी धुणाऱ्यांसाठी. दीड किलोची चादर ओली झाली की पिळायला किती जड जाते? जेवढी जड, तेवढं उजवीकडं सरकवा 💪

ताई, मावशी, तुमच्याशिवाय हा निर्णय अर्धाच राहील. निवडणारे वेगळे आणि धुणारे वेगळे, असं बहुतेक घरांत असतं. मशीन वापरत असाल तर ते मेसेजमध्ये कळवा.

रविवार, सकाळी १०

क्विझ: सोलापूरच्या कशाला भौगोलिक मानांकन मिळालंय?
चादरीला
टेरी टॉवेलला
दोन्हींना ✔
एकालाही नाही

उत्तराची स्टोरी

दोन्हींना! चादरीचं नाव जगभर झालं, टॉवेल मात्र तिच्या मागं झाकला गेला. मानांकन असलं की दुसरीकडं विणलेला माल ‘सोलापुरी’ म्हणून विकता येत नाही. तरीही बाजारात तसा माल दिसतो. घेताना कुठल्या कारखान्याचा आहे, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

तर मंडळी, चादरीसोबत टॉवेलही ठरवून टाकू.

पोल: दोन्ही ३० बाय ६० इंच. रोजच्या आंघोळीला कुठला?
हलका, ४०० ग्रॅम, ₹२२०, लवकर वाळतो
भरगच्च, ५५० ग्रॅम, ₹३१०, पाणी जास्त टिपतो

नवा टॉवेल पहिल्या दिवशी पाणी टिपत नाही म्हणून नाराज होऊ नका. कापडावर फिनिशिंग असतं, दोन-तीन धुण्यांत ते निघतं आणि लूप मोकळे होतात. पहिली धुणी साध्या गार पाण्यात, वेगळी काढा. मरून चादरीलाही हेच लागू.

रविवार, दुपारी ३ (प्रश्नाची चौकट)

तुमच्या घरातली सगळ्यात जुनी सोलापुरी चादर कुठल्या रंगाची, कुठल्या नक्षीची? इथं लिहा. जुनी नक्षी चांगली निघाली तर पुढच्या वर्षीचे पुठ्ठे तिचेच पाडू. फोटो असेल तर मेसेजमध्ये पाठवा, विचारल्याशिवाय तो कुठंही लावणार नाही.

रविवार, संध्याकाळी ६

शेवटचा पोल. शुक्रवारी मत दिलं असलं तरी परत द्या. मधल्या दोन दिवसांत वजन कळलं, किंमत कळली, मत बदललं असेल तर बदला.

सोमवारी काकांना काय सांगू?
मोर चढवा, ₹८४०
चौकडी चढवा, ₹६९०
मोरच, पण चौकडीच्या वजनात

तिसरा पर्याय तुमच्याच मेसेजमधून आला. काकांना विचारलं, होईल म्हणाले. सूत बारीक घ्यावं लागेल, किंमत ₹७२० च्या आसपास बसेल.

मतदान रात्री ९ ला थांबवून मोजणी करतो. सोमवारी सकाळी ११ ला निकाल याच ठिकाणी. दोन्ही नमुने आज साडेआठपर्यंत दुकानात ठेवलेत. हात लावून, अंगावर घेऊन बघायचं असेल तर या.